टेबल दिलंय तरी रिॲक्शनची ऑर्डर चुकत होती, माझा अनुभव

NO₂ + CO → NO + CO₂, गुणांक एकेक म्हणून मी ऑर्डर 1 आणि 1 धरायचो, पण कॉन्सन्ट्रेशन आणि रेटच्या टेबलमधल्या प्रत्येक ओळीत रेट कॉन्स्टंट k वेगळाच यायचा. आकडेमोड तीनदा तपासली, युनिट्स बदलून पाहिली, डोकं पिकलं. शेवटी समीकरण झाकून फक्त टेबल बघितलं.

आधी CO सारखा असलेल्या दोन ओळी घेतल्या: NO₂ 0.10 वरून 0.20 केला तर रेट 0.005 वरून 0.020, म्हणजे चौपट, म्हणून ऑर्डर 2. मग NO₂ सारखा ठेवून CO दुप्पट, रेट तोच, ऑर्डर शून्य!

रेट = k[NO₂]², आता k सगळीकडे 0.5 येतो. कारण सावकाश स्टेपमध्ये दोन NO₂ आपटतात, CO नंतर येतो. गुणांकावरून ऑर्डर फक्त एकाच टप्प्यात होणाऱ्या रिॲक्शनला चालते.