या चुका टाळा: ‘आपणांस’ लिहून शेवटी ‘ये’

घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी बोलणाऱ्या आम्हा इंदूरकरांचे निरोप बिघडतात ते बहुधा इंग्रजी शब्दांमुळे नव्हे, तर एकाच निरोपात दोन-तीन पातळ्यांची भाषा एकत्र आल्यामुळे. गणेशोत्सवाच्या तयारीत आमच्या मंडळातील एका तरुणाने ज्येष्ठ काकांना पाठवलेला हा निरोप पाहा:

“आदरणीय काका, आपणांस कळविण्यात येते की उद्याची मीटिंग पोस्टपोन झाली आहे. सो प्लीज रविवारी सहाला ये. काही आपत्ती असल्यास सांगा.”

काकांचा लगेच फोन आला, “कसली आपत्ती ओढवली रे?” हिंदीतील ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, मराठीतील ‘आपत्ती’ म्हणजे संकट, लिपी एकच असल्याने ही चूक लिहिणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते.

त्याहून मोठी चूक क्रियापदात आहे. ‘आपणांस कळविण्यात येते’ ही सूचनाफलकाची भाषा, ‘सांगा’ ही घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलण्याची आणि ‘ये’ ही मित्राशी. सर्वनाम लिहिले नाही, तरी क्रियापद ते उघड करतेच; म्हणून आधी सर्वनाम ठरवावे आणि पाठवण्यापूर्वी केवळ क्रियापदांवरून नजर फिरवावी: तू ये, तुम्ही या, आपण यावे.

हिंदीतील ‘आप’ डोक्यात असल्यामुळे आपल्याकडे ‘आपण’ जरा जास्तच वापरला जातो. मराठीत मात्र ‘आपण’मध्ये बोलणाराही सामावू शकतो, त्यामुळे ‘आपल्याला सहाला पोहोचायचे आहे’ हे वाचून काकांनी एकट्याने यायचे की दोघांनी मिळून जायचे, हे कळत नाही. ओळखीच्या काकांना ‘तुम्ही’ पुरेसा आदराचा आहे.

इंग्रजी शब्दांपैकी ‘मीटिंग’ येथे मुळीच खटकत नाही, कारण ती मराठीत स्त्रीलिंगी होऊन ‘मीटिंगला’, ‘मीटिंगची’ असे प्रत्यय निमूटपणे घेते. ‘पोस्टपोन’ चालून जाईल, पण ‘पुढे ढकलली’ हे तितकेच सहज ओठांवर येते. ‘सो’ मात्र काढावाच: नाम उसने घेतले तरी वाक्य मराठीच राहते, पण वाक्ये जोडणारा शब्द उसना घेतला की सांधा दिसू लागतो. (उलट टोकाला जाऊन काकांना ‘भ्रमणध्वनीवरून संपर्क साधावा’ असे लिहिणारेही आमच्याकडे आहेत, ते वाचून काका फोन करण्याऐवजी हसतात.)

दुरुस्त निरोप असा झाला: “काका, नमस्कार. उद्याची मीटिंग पुढे ढकलली आहे. रविवारी संध्याकाळी सहाला याल का? काही अडचण असेल तर सांगा.”

हाच मजकूर मंडळाच्या फलकावर लावायचा असता, तर ‘मीटिंग’ची ‘बैठक’ झाली असती: “उद्याची बैठक पुढे ढकलण्यात आली असून ती रविवारी सायंकाळी ६ वाजता होईल. सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.”