‘आमचं बरं चाललंय की’ म्हणणाऱ्या कारखान्यात पहिली ऑर्डर कशी मिळवावी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पट्ट्यातल्या मशीन शॉपमध्ये तुम्ही कार्बाइड इन्सर्ट विकायला गेलात, तर परचेसच्या टेबलावर पहिलं उत्तर बहुधा हेच मिळेल: "आमचं बरं चाललंय की. बदलायचं कशाला?" हे उत्तर खरं असतं. जुना माणूस फोन केला की संध्याकाळपर्यंत माल पोचवतो, उधारी सांभाळतो आणि सेटरच्या हाताला त्याचा माल बसलेला असतो. नव्या इन्सर्टने कड तुटून शंभर नग रिजेक्ट झाले, तर जबाब परचेसवाल्यालाच द्यावा लागतो. बदलून त्याला स्वतःला काही मिळत नाही, धोका मात्र पूर्ण त्याचा. म्हणून ‘आमचा माल चांगला आणि स्वस्त आहे’ असं म्हणून त्याचं मन वळत नाही. भाव उतरवलात, तर जुना पुरवठादार दुसऱ्या दिवशी तेवढाच उतरवतो.

इथे आपण एकच प्रसंग घेऊ. बीड म्हणजे ग्रे कास्ट आयर्नचं हाउसिंग, सीएनसी लेथवर रफ टर्निंग आणि त्यासाठी चालणारं एक इन्सर्ट. पुरवठादार बदलायला लावायचं नाही. एका ऑपरेशनवर, मालकाने ठरवलेल्या नियमांनी, मोजून दाखवायचं.

आधी अडतंय कुठे ते शोधा

परचेसची परवानगी घेऊन शॉप फ्लोअरवर जा. परचेसला डावलून थेट प्रॉडक्शन मॅनेजरकडे जाण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण पुढे ऑर्डर त्याच टेबलावरून निघणार आहे.

आत गेल्यावर कास्टिंगचे ट्रे कोणत्या मशीनसमोर साचले आहेत ते पाहा. तेच तुमचं मशीन. ज्या मशीनचा ऑपरेटर मागच्या ऑपरेशनच्या मालाची वाट पाहत बसलेला असतो, तिथे तुम्ही कितीही वेळ वाचवून दिलात तरी मालकाच्या खिशात रुपया जात नाही. ही एक गोष्ट न पाहिल्यामुळे चांगल्या ट्रायल वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. इन्सर्ट उत्तम चाललं, सगळ्यांनी मान डोलावली आणि ऑर्डर आली नाही.

‘प्रॉब्लेम काय आहे?’ असं विचारू नका

त्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असंच येणार. त्याऐवजी सेटरला विचारा, "दादा, ह्या ऑपरेशनला एका धारेवर किती नग निघतात?" बऱ्याचदा उत्तर येतं, "वीस निघतात. कधी पंचवीस, तर कधी पंधरातच जातंय." नग कमीजास्त का होतात, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. त्याची सवय झालेली असते, म्हणून ती अडचण वाटत नाही.

मग वापरलेल्या इन्सर्टचा डबा बघायला मागा. माझ्या मते ह्या कामात त्याच्याइतकी खरी माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. सीएनएमजी १२०४०८ सारख्या इन्सर्टला दोन्ही बाजू मिळून चार धारा असतात. डब्यातले दहा-पंधरा नग हातात घेऊन भिंगातून बघा. धारेच्या बाजूला एकसारखी झीज दिसत असेल तर ग्रेड बरोबर निवडला आहे. कोपरे टवके उडून गेले असतील तर ग्रेड फार कडक आहे, होल्डर ढिला आहे किंवा कास्टिंगमध्येच काही गडबड आहे. एखादी धार कोरीच राहिली असेल तर पैसे तसेच फेकले जात आहेत. हे दिसलं तर लगेच सांगा, त्यात तुमची विक्री नसली तरी. पुढच्या वेळी तुम्हाला आत सोडायला तेवढं कारण पुरतं.

चारही धारा एकसारख्या झिजलेल्या असतील, तर जुन्या पुरवठादाराने काम नीट केलं आहे. ते ऑपरेशन सोडा आणि दुसरं बघा. त्याच्या मालाला नावं ठेवू नका. ती निवड मालकाची होती, नावं त्यालाच ठेवल्यासारखी होतात.

हिशेब इन्सर्टचा नको, नगाचा करा

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या कामाचे आकडे तुम्ही घाला.

महिन्याला ३,००० हाउसिंग, रफ टर्निंगला दर नगाला २ मिनिटं कटिंग, फीड ०.२५ मिमी. जुनं इन्सर्ट ₹३०० ला, एका धारेवर २० नग. चार धारांवर ८० नग, म्हणजे नगामागे ₹३.७५. तुमचं इन्सर्ट ₹३६० चं. त्याच फीडला ते धारेमागे ३० नग देतं, म्हणजे १२० नग आणि नगामागे ₹३. वाचले ७५ पैसे, महिन्याला ₹२,२५०. धार बदलायला ३ मिनिटं धरली, तर महिन्यात ५० बदल कमी होऊन अडीच तास वाचतात. एवढ्यासाठी कोणी चालू घडी मोडत नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

आता तेच इन्सर्ट ०.३० मिमी फीडला चालवा. कटिंग १२० सेकंदांवरून १०० सेकंदांवर येतं. धारेचं आयुष्य घटून २४ नग होतं, म्हणजे इन्सर्टमागे ९६ नग आणि नगामागे पुन्हा ₹३.७५. इन्सर्टच्या खर्चात एक पैसाही वाचला नाही. पण दर नगामागे २० सेकंद, म्हणजे ३,००० नगांत १६ तास ४० मिनिटं मोकळी झाली. धार बदलण्याचे सव्वा तास धरून जवळजवळ १८ तास. मशीनचा तास ₹४८० धरला तर साधारण ₹८,६००. माल साचलेल्या मशीनवर ह्याचा अर्थ मालकाला लगेच कळतो, कारण तो ते तास आत्ता ओव्हरटाइम देऊन किंवा बाहेर जॉबवर्क देऊन विकत घेत असतो.

वेग वाढवण्याऐवजी फीड वाढवण्याचं कारण आहे. कटिंग स्पीड वाढवला की धारेचं आयुष्य झपाट्याने घटतं, फीड वाढवल्यावर त्या मानाने कमी. आणि हे रफिंग असल्याने फिनिशचा प्रश्न पुढच्या कटवर जातो. मात्र जॉब पातळ भिंतीचा असेल किंवा चकमधली पकड कमजोर असेल, तर फीड वाढवल्यावर जॉब सरकेल किंवा लांबगोल होईल. तिथे हा मार्ग बंद आहे.

ट्रायलचे नियम त्याच्याकडून लिहून घ्या

ट्रायलच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी ठरवा: धार कधी संपली म्हणायचं, किती धारा चालवायच्या आणि काय निघालं तर ऑर्डर द्यायची. तिसरी विचारायला जड जाते, तरी विचारा: "साहेब, एवढं निघालं तर पुढं काय करूया?" उत्तर टाळलं गेलं, तर ट्रायल म्हणजे फुकटचे इन्सर्ट एवढंच होणार.

धार संपल्याची खूण दोन्ही मालांना एकच हवी. बाजूची झीज ०.३ मिमी झाली, मशीनचा लोड मीटर ठरलेल्या आकड्यावर गेला किंवा कट बाहेर पडताना जॉबची कड तुटू लागली, ह्यातलं जे आधी होईल ते. ‘सेटरला वाटलं म्हणून बदललं’ हे चालणार नाही.

कोल्हापुरात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे कास्टिंगच. एका हीटमध्ये पातळ कडेला लोखंड लवकर थंड होऊन कडक पांढरं झालेलं असतं, ज्याला आपण चिल म्हणतो. दुसऱ्या हीटमध्ये वाळू अडकलेली असते. सोमवारी जुनं इन्सर्ट कडक मालावर चाललं आणि मंगळवारी तुमचं मऊ मालावर, तर तुमचे आकडे छान दिसतील आणि पुढच्या महिन्यात सगळं उघडं पडेल. म्हणून एकाच हीटचा माल, एकच मशीन, एकच ऑपरेटर घ्या आणि धारा आलटून पालटून चालवा. एक जुनी, एक नवी, परत जुनी, परत नवी. दोन्हीच्या निदान चार-चार धारा. प्रत्येक ओळीत हीट नंबर, नग आणि धार बदलण्याचं कारण लिहा, आणि ते सेटरच्या हाताने लिहिलं जाऊ दे.

आणखी एक गोष्ट बहुतेक विक्रेते टाळतात. जुनं इन्सर्टही ०.३० फीडला चालवून बघा. ते १४ नगांत गेलं, तर नगामागे ₹५.३६ पडतात आणि तुमचं म्हणणं सिद्ध होतं. पण ते २० नग टिकलं, तर फायदा फीडचा आहे, तुमच्या मालाचा नाही. तसं स्पष्ट सांगा. हे तुम्ही केलं नाहीत, तर जुना पुरवठादार पुढच्या आठवड्यात येऊन नक्की करेल.

ऑर्डर लहान मागा

वरच्या हिशेबाने महिन्याला साधारण ३१-३२ इन्सर्ट लागतील. पहिल्यांदा दहाची दोन पाकिटं मागा, ₹७,२०० ची. बाकी माल जुन्याकडेच राहू द्या. त्यामुळे परचेसवाल्याची धास्ती जाते: तुमचं बिघडलं तर जुनं पाकीट स्टोअरमध्ये आहे. त्याच होल्डरमध्ये, त्याच ०.८ मिमी नोज रेडियसने बसणारं इन्सर्ट दिलंत, तर फीड सोडून मशीनवर फारसं काही बदलावं लागत नाही. वाहन उद्योगाच्या पीपीएपी पद्धतीत झिजून जाणाऱ्या टूलच्या बदलासाठी सहसा नव्याने मंजुरी लागत नाही. तरी कंट्रोल प्लॅनमध्ये ग्रेडचं नाव किंवा फीडचा आकडा असेल तर तो बदलून घ्यायला सांगा आणि त्या ग्राहकाची वेगळी अट आहे का ते विचारा.

ह्या टप्प्यावर जुना माणूस ₹३०० चं इन्सर्ट ₹२७० ला देऊ करेल. तेव्हा भाव उतरवू नका. त्याच्या सवलतीने नगामागे सुमारे ३७ पैसे, महिन्याला ₹१,१२५ वाचतात. ट्रायलच्या कागदावर १८ तास लिहिलेले आहेत, सेटरच्या अक्षरात. कागद समोर ठेवा आणि निवड त्यांना करू द्या.

पहिली दोन पाकिटं संपेपर्यंत मात्र मशीनपाशी जात राहा. नाइट शिफ्टचा सेटर ट्रायलला नसतो. तो जुना प्रोग्राम लावतो किंवा दोन धारा वापरून इन्सर्ट टाकून देतो, आणि महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही. तुमच्याकडे चार पाकिटं कायम शिल्लक असू द्या. एकदा माल नाही म्हणालात, की पुढचा फोन जुन्यालाच जाणार.

‘नाही’ आलं तर

ट्रायलचा कागद त्यांच्याकडेच ठेवून या आणि प्रॉडक्शनमध्ये एकच विचारा: नवा पार्ट कधी सुरू होतोय? नव्या कास्टिंगच्या पहिल्या नमुन्यांना टूलिंग ठरायचं असतं, सायकल टाइम बसवायचा असतो आणि तिथे अजून कोणाचाही माल लागलेला नसतो. त्या दिवशी होल्डर, इन्सर्टची दोन पाकिटं आणि भिंग घेऊन सकाळच्या शिफ्टला हजर राहा.