दुकानात बॅडमिंटनची रॅकेट निवडताना बोटावर तोलून बघा

क्लबात नव्याने खेळणारे बरेच जण स्मॅश जोरात बसावा म्हणून डोक्याकडे जड रॅकेट घेतात आणि दोन आठवड्यांत खांदा धरून बसतात.

१. दांड्याजवळ वजनाचा शिक्का असतो. फोर-यू, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅमची घ्या.

२. तार बसवलेली रॅकेट एका बोटावर आडवी तोला. जिथे स्थिर राहते, तिथून मुठीच्या टोकापर्यंत टेपने मोजा. २८५ ते २९५ मिलिमीटर आले तर तोल मधोमध आहे. ३०० च्या पुढे गेले तर परत ठेवा. माझी पहिली ३०५ ची होती. नेटजवळ ती कायम उशिरा वळायची. मुठीवर जादा ग्रिप गुंडाळली की तोल जवळपास एक सेंटीमीटर मुठीकडे सरकतो, म्हणून मोजणी ग्रिपसकट करा.

३. तार २० ते २२ पाउंडांवर ओढून घ्या. ताण कमी असला की शटल थोडं मधून हुकलं तरी मागच्या रेषेपर्यंत जातं. २६ वर तेच अर्ध्यात पडतं.

फ्रेमवर छापलेल्या कमाल ताणापुढे मात्र जाऊ नका. फ्रेम तडकते आणि वॉरंटीही सहसा मिळत नाही.