ब्लाइंड प्लेटेस्ट: तक्रार ऐका, उपाय स्वतः शोधा

ब्लाइंड प्लेटेस्ट म्हणजे आपण बनवलेला बोर्ड गेम तपासायला अनोळखी गटाच्या हातात त्याचं खोकं आणि नियमपुस्तिका द्यायची आणि आपण तोंड बंद ठेवायचं. शक्यतो खोलीतच थांबू नका. आपण समोर असलो की लोक पुस्तिका बाजूला ठेवून आपल्याकडेच बघतात. मी मोबाईल स्टँडवर लावून, सगळ्यांना विचारूनच, फक्त पट आणि हात दिसतील एवढं चित्रीकरण करतो. चेहऱ्यांची गरज नसते. बघायचं ते हे: पुस्तिका परत कधी उघडली, कुठलं पान शोधलं, आणि सापडलं नाही तेव्हा काय ठरवून टाकलं.

नुसते अभिप्राय वाचून माणूस गोंधळतो. माझा भाजीबाजाराचा खेळ आहे, पटावर मांडलेल्या पाच कार्डांतून माल उचलायचा. एक गट म्हणाला, खेळ फार लांबतो. दुसऱ्याला सगळं नशिबावर वाटलं. तिसऱ्याने थेट उपायच दिला: "कार्डं वाढवा, तीच तीच दिसतात." वरवर पाहता तीन वेगळ्या तक्रारी. म्हणून मी वहीत दोन रकाने करतो, एकात त्यांनी काय म्हटलं आणि दुसऱ्यात त्याआधी पटावर काय घडत होतं. दुसरा रकाना भरला तेव्हा तिन्ही ठिकाणी एकच चित्र दिसलं. पाचही कार्डं कुणाच्या कामाची नव्हती, आणि लोक टर्नमागून टर्न सोडून देत होते. एक नाणं भरून पाचही कार्डं बदलता येतात, हा नियम मांडणीच्या पानावर सगळ्यात खाली होता. तो कुणीच वापरला नाही. एका गटाने वाचला होता, पण नाणं घालवायला कुणाचं मन होईना.

म्हणजे नुसता नियम ठळक छापून भागणार नव्हतं. कार्डं वाढवली असती तर डाव आणखी लांबला असता. नाण्याचा नियम काढला आणि त्याच्या जागी टर्न संपला की सगळ्यात जुनं कार्ड आपोआप बाद, असं केलं. बाकी काहीही हलवलं नाही. एका फेरीत दोन-तीन बदल केले की फरक कशामुळे पडला ते कळत नाही. पुस्तिकेवर आवृत्तीचा क्रमांकही टाका, नाहीतर कुठली तक्रार कुठल्या नियमाबद्दल होती याचा पत्ता लागत नाही.

पुढची चाचणी नव्या गटाबरोबरच घ्यावी लागते, कारण जुन्या गटाला अर्धे नियम पाठ असतात. गुणांचा समतोल मात्र एवढ्या थोड्या डावांवरून ठरवू नका. त्यासाठी खेळ नीट येणारी माणसं आणि पुष्कळ डाव लागतात.

नव्या गटात टर्न सोडणं जवळपास थांबलं. वाद मात्र नवा निघाला: सगळ्यात जुनं कार्ड नेमकं कुठलं? आता पटावर बाण छापलाय, कार्डं डावीकडून उजवीकडे सरकतात आणि शेवटचं बाहेर पडतं.