भंगारात गेलेलं मशीन वह्यांतून कसं काढायचं?

मालमत्ता रजिस्टरात यंत्रांची मूळ किंमत ४८,६०,००० रुपये, लेजरमध्ये ४८,२०,०००. आता रजिस्टरात ४०,००० चं मशीन शोधत बसू नका. तसं मशीन बहुधा नसतंच. आधी लेजरमधल्या यंत्र खात्याची जमा बाजू वाचा. तिथे वर्षाकाठी एखाददुसरीच नोंद असते.

आपल्या उदाहरणातल्या वर्कशॉपात ती सापडली: ३० सप्टेंबर २०२२, भंगारवाल्याकडून ४०,०००. आयकरात एकाच घसारा दराच्या मालमत्तांचा एक गट, म्हणजे ब्लॉक, धरतात आणि विक्रीची रक्कम त्यातून वजा होते; तीच सवय अकाउंटंटने वह्यांत लावली. वह्यांत मात्र मशीनची पूर्ण मूळ किंमत आणि साचलेला घसारा, दोन्ही निघायला हवेत.

पण गेलं कोणतं मशीन? बिलावर नुसतं ‘जुनं लोखंड’ आणि वजन. त्या तारखेचा गेट पास आणि काट्याची पावती काढा. मग रजिस्टर घेऊन वर्कशॉपात फिरा, प्रत्येक ओळीपुढे मशीनवरचा नंबर टिपा. जुन्या ऑपरेटरला विचारलंत तर अर्धं काम वाचतं. ही फेरी फरक शून्य असला तरी मारा. भंगाराचे पैसे ‘इतर उत्पन्ना’त गेले असतील तर दोन्ही वह्या जुळतात आणि दोन्ही सारख्याच चुकीच्या असतात.

इथे गायब होता १ एप्रिल २०१४ ला ६,००,००० ला घेतलेला लेथ. आयुष्य १५ वर्षं, अवशिष्ट मूल्य ५ टक्के, सरळ रेषा पद्धत. म्हणजे वर्षाला ३८,००० घसारा. लेथ गेल्यावरही तो लागतच राहिला आणि ३१ मार्च २०२५ ला ११ वर्षांचे ४,१८,००० साचले.

यंत्र खात्यात या लेथचे ५,६०,००० उरलेत, कारण ४०,००० आधीच जमा आहेत. म्हणून नोंद अशी: साचलेला घसारा नावे ४,१८,०००, तोटा नावे १,४२,०००, यंत्र खाते जमा ५,६०,०००.

तोटा पडताळून घ्या. विक्रीच्या दिवशी साडेआठ वर्षांचा घसारा ३,२३,००० होता, म्हणजे पुस्तकी किंमत २,७७,०००. त्यातून ४०,००० वजा जाता खरा तोटा २,३७,०००. त्यानंतरच्या अडीच वर्षांत ९५,००० घसारा फुकट लावला. तो वजा केला की १,४२,०००.

हा तोटा मागच्या काळातला आहे. जुनी लेखा मानकं पाळणाऱ्या कंपनीत तो चालू वर्षाच्या नफा-तोट्यात वेगळा दाखवतात; इंड एएस ही नवी मानकं असतील आणि रक्कम महत्त्वाची असेल तर मागचे आकडेच दुरुस्त होतात. आयकराच्या गणनेत तो तोटा नफ्यात परत जोडा. ब्लॉकमधून २०२२-२३ मध्ये ४०,००० वजा झाले होते का, एवढंच तिथे पाहायचं.

रजिस्टरातली ओळ डिलीट करू नका. विक्रीची तारीख आणि बिल नंबर लिहून किंमत एकूण बेरजेतून वगळा. आता दोन्हीकडे ४२,६०,००० यायला हवेत. साचलेल्या घसाऱ्याची बेरीजही वेगळी जुळवा. मूळ किंमत जुळल्यावर ती बघायची बरेच जण विसरतात.