मेलवर पार्टनरशी वाजलं की फोनवर कसं न्यायचं

पार्टनरच्या मेलमध्ये "कृपया नोंद घ्यावी" आलं आणि सीसीत सीए दिसला की समजायचं, आता हे लिहून मिटत नाही. आमचं हापूसवरून झालं, मी रत्नागिरीत, तो वाशीला, ४० पेट्यांत साका निघाला म्हणे, म्हणजे आंबा वरून चांगला पण आतला गर खराब.

तेव्हा मुद्द्यांना उत्तर द्यायचंच नाही, फक्त एवढं पाठवायचं:

"दादा, ४० पेट्यांचं वाचलं. लिहिताना माझाच सूर चढतोय. आज ४ ला फोन करू की उद्या सकाळी १० ला? पुढची गाडी थांबवत नाही."

सूर स्वतःचा चढला म्हणायचं, "तुम्ही चिडलाय" लिहिलंत की संपलं. वेळा दोन द्यायच्या, म्हणजे बोलायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही, फक्त कधी ते ठरतं. या मेलमधून सीसी काढा, बघणारे असले की कोणी मागे येत नाही. न सांगता थेट फोन लावू नका, समोरचा तयारीत नसतो आणि आमच्याकडे तर ऐन भांडणात रेंज जाते, त्याला वाटतं मीच कापला.

फोननंतर तासाभरात ठरलेलं दोन ओळींत मेल करा, आमचं होतं "२५ पेट्यांची सूट, बाकी पैसे शुक्रवारी", आणि आता सीए परत सीसीत. फक्त वकिलाची नोटीस आली असेल तर आधी वकिलाला विचारा, फोनवर काही कबूल करू नका.