तळ्याचा उतारा आणि पाचवीची मुलं : प्रश्न काढताना या चुका टाळा

गावच्या तळ्यावरचा उतारा पाचवीच्या प्रत्येक चाचणीत कुठे ना कुठे येतो. विषय चांगलाच आहे, मुलांच्या रोजच्या पाहण्यातला. पण खालचे प्रश्न वाचले की मला राग येतो, कारण वर्षानुवर्षं त्याच चुका दिसतात. बोलायला सोपं जावं म्हणून आधी मी वर्गात वापरते तो उतारा देते.

«आमच्या गावचे तळे सड्याच्या पायथ्याशी, देवळामागे आहे. तळ्याला जांभ्या दगडाच्या ११ पायऱ्या आहेत. श्रावणात फक्त वरची एक पायरी पाण्याबाहेर असते. दरवर्षी शिमग्यापर्यंत ६ पायऱ्या उघड्या पडतात. यंदा शिमग्यालाच ९ पायऱ्या उघड्या दिसत होत्या. सरपंच काकू तळ्यावर आल्या आणि पायऱ्या मोजत बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी काठावर पाटी लागली : ‘येथे कपडे व गुरे धुऊ नयेत.’ पाटी वाचून आजी म्हणाली, “खाडीकडच्या विहिरीचं पाणी भांडी घासायला चालेल, पण भाताला नको.” मे महिन्यात मामा मुंबईहून येणार होते. आईने त्यांना फोन केला, “या, पण येताना एक मोठं पिंप घेऊन या.”»

आता पहिली चूक, आणि सगळ्यांत जास्त दिसणारी. प्रश्नात ‘का’ आला की तो विचार करायला लावणारा प्रश्न झाला, असं नवे शिक्षक धरून चालतात. हे वाक्य वाचा : “टिंबुळ पेराळीवर घमकत होतं, कारण त्याची रुमणी चिसकली होती.” टिंबुळ का घमकत होतं? त्याची रुमणी चिसकली होती म्हणून. उत्तर अचूक, पूर्ण गुण, आणि अर्थ कोणालाच कळलेला नाही. उताऱ्यात ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ लिहून ठेवलं असेल, तर ‘का’ विचारणारा प्रश्न हा शोधून उतरवण्याचाच प्रश्न असतो. म्हणून वरच्या उताऱ्यात मी हे दोन्ही शब्द येऊ दिलेले नाहीत. काकू का मोजत उभ्या राहिल्या, पाटी का लागली, पिंप कशाला, हे सगळं मुलाने जोडायचं आहे. शोधून उतरवण्याचे प्रश्न हवेतच, सुरुवात त्यांनीच करावी. फक्त त्यांना जोडून विचार करायच्या प्रश्नांचे गुण देऊ नयेत.

दुसरी चूक जास्त नुकसान करते : उत्तराला उताऱ्यात आधारच नसणं. एका केंद्राच्या चाचणीत अशाच तळ्याच्या उताऱ्यावर प्रश्न होता, ‘तळ्यातील पाणी लवकर का आटले?’ उताऱ्यात कारण नव्हतं, इशाराही नव्हता. उत्तरसूचीत ‘पाऊस कमी पडला’ एवढंच. एका मुलीने लिहिलं, ‘तळ्याला खालून गळती असेल.’ तिला शून्य मिळालं. पेपर माझ्या हाती आला तेव्हा मी तपासणाऱ्या सरांना विचारलं, “पाऊस कमी पडला हे उताऱ्यात कुठे आहे?” ते म्हणाले, “मॅडम, उघड आहे ना!” उघड काहीच नव्हतं. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ, त्यामुळे पाणी थांबतच नाही. त्या मुलीच्या वाडीत तळ्याच्या भिंतीचं काम चाललं होतं, तिने रोज पाहिलं होतं. पाऊस भरपूर होऊनही तळं आटतं, हे तिला पेपर काढणाऱ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बऱ्याच वादानंतर प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण दिले गेले. पण त्या दिवशी घरी गेलेल्या मुलीला आपलं डोकं चालवणं चुकीचं असतं, एवढंच कळलं असणार.

यावर माझी सवय अशी. प्रश्न लिहिला की शेजारी पेन्सिलीने आधाराच्या वाक्याचा क्रमांक टाकते. एकच क्रमांक आला तर शोधण्याचा प्रश्न. दोन-तीन आले तर जोडण्याचा. एकही आला नाही तर प्रश्न खोडते, कितीही आवडला असला तरी. वरच्या उताऱ्यावर ते असं दिसतं. ‘तळ्याला किती पायऱ्या आहेत?’ याला वाक्य २. ‘यंदा शिमग्याला किती पायऱ्या पाण्याखाली होत्या?’ याला २ आणि ५, उत्तर दोन, आणि हा आकडा उताऱ्यात कुठेच नाही. ‘यंदा काळजीचं कारण आहे हे काकूंना कशावरून कळलं असेल?’ याला ४, ५ आणि ६. दरवर्षीच्या सहाशी यंदाच्या नऊची तुलना आली तरच पूर्ण गुण. नुसतं ‘पाणी कमी होतं’ याला अर्धे. शेवटी ‘आईने पिंप का मागवलं?’ इथे अकरा पायऱ्या, पाटी, मे महिना आणि फोन हे सगळं एकत्र यावं लागतं : मेपर्यंत तळं तळाला जाईल, पाणी साठवून ठेवावं लागेल. ‘मुंबईचं पिंप चांगलं असतं’ असं उत्तर आलं तर मुलाने फक्त शेवटचं वाक्य वाचलं, हे लगेच समजतं.

विहिरीच्या प्रश्नाला थोडं जपावं लागतं. ‘खाडीकडच्या विहिरीचे पाणी कसे असते?’ असं विचारलं तर वेंगुर्ल्याचं मूल उतारा न वाचता ‘खारट’ लिहील, आणि घाटावरचं मूल वाचूनही अडेल. म्हणून मी विचारते, ‘आजीच्या बोलण्यावरून त्या विहिरीच्या पाण्याबद्दल काय कळतं?’ ‘खारट’, ‘मचूळ’, ‘पिण्याजोगं नाही’ हे सगळं चालतं. ‘आटलंय’ चालत नाही, कारण भांड्यांपुरतं पाणी तिथे आहे.

‘पाणी का वाचवावे?’ हा प्रश्न कृपा करून काढू नका. उतारा झाकूनही त्याचं उत्तर येतं. पेपर छापण्याआधी दुसऱ्या वर्गातल्या चार-पाच मुलांना उतारा न देता नुसते प्रश्न द्या. ज्याचं उत्तर बरोबर येईल तो प्रश्न आकलनाचा नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण घाईत असलेल्यांना तेवढंही जड वाटतं.

माहितीने ठासलेला उताराही नको. धामापूरचं तळं मालवण तालुक्यात आहे, १५३० सालचं आहे, काठावर भगवतीचं देऊळ आहे : वाचायला छान, पण प्रश्न निघतात ते फक्त कुठे, कधी आणि कोणतं. अनुमान काढायला माणसं लागतात, काहीतरी करणारी आणि कारण न सांगणारी.

बाकी किरकोळ. एका प्रश्नात दुसऱ्याचं उत्तर सांडू देऊ नका. उताऱ्याच्या शेवटी उपदेशाचं वाक्य घालू नका, ते शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फोडतं. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा तयार उतारा घेतलाच, तर त्याची उत्तरसूची फेकून द्या आणि आपली स्वतः लिहा, अर्ध्या गुणांच्या उत्तरांसकट.